इलेक्ट्रिक स्कूटरचा गिअर रेशो कसा ठरवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इलेक्ट्रिक दुचाकी स्वतः बांधणारे, कॉलेजच्या प्रोजेक्टवर काम करणारे आणि जुन्या गाडीत मोटार बसवू पाहणारे लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरे एका जागी लिहून ठेवतो आहे. सगळी उत्तरे एकाच गाडीवर बेतली आहेत, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील. ही स्कूटर डबलसीट धरून २६० किलोची आहे. चाक १२ इंची, टायर ९०/९०. मोटार मध्यभागी बसवलेली, जास्तीत जास्त ५ किलोवॅटची. बॅटरी १४ सेल सिरीजमध्ये असलेली, म्हणजे साधारण ५२ व्होल्टची. मालकाची मागणी दोन ओळींची होती: "सोसायटीच्या रॅम्पवर बायकोला उतरवायला लागू नये, आणि हायवेला ७५ गेली पाहिजे."

पेट्रोल गाडीला पाच गिअर लागतात, मग इलेक्ट्रिकला एकाच रेशोवर कसे भागते?

पेट्रोल इंजिन हजार-बाराशे आरपीएमच्या खाली बंद पडते आणि त्याचा टॉर्क मधल्या एका पट्ट्यातच चांगला असतो. तो पट्टा वेगाबरोबर सरकवत नेण्यासाठी गिअर लागतात. इलेक्ट्रिक मोटार शून्य आरपीएमलाच पूर्ण टॉर्क देते, म्हणून एक रेशो पुरतो.

पण एकच असल्यामुळे तो चुकला तर सुटका नाही. पेट्रोल गाडीत रॅम्प आला की पहिला टाकता येतो. इथे रॅम्पही त्याच रेशोवर चढायचा आणि हायवेही त्याच रेशोवर मारायचा. सगळी ओढाताण तिथेच आहे.

टॉर्कच्या आलेखात नेमके काय बघायचे?

मोटारीच्या कागदावर मोठ्या अक्षरात दोनच आकडे असतात, कमाल टॉर्क आणि कमाल पॉवर. रेशो ठरवायला तेवढे पुरत नाहीत. आलेखाचे तीन भाग असतात आणि तिन्ही लागतात.

आपल्या मोटारीचे घ्या. शून्यापासून साधारण २१५० आरपीएमपर्यंत ती सपाट २२ न्यूटन-मीटर देते. इथे कंट्रोलर मोटारीच्या वेटोळ्यांत सोडतो त्या करंटची, म्हणजे फेज करंटची, मर्यादा असते. तिथून आलेख मोडतो. पुढे पॉवर ५ किलोवॅटला अडकलेली असते, म्हणून आरपीएम वाढेल तसा टॉर्क उतरतो: ३००० ला १५.९, ४००० ला ११.९, ५००० ला ९.३. त्यानंतर मोटारीचा उलटा व्होल्टेज, म्हणजे बॅक ईएमएफ, बॅटरीच्या व्होल्टेजला भिडू लागतो आणि टॉर्क कोसळतो: ५५०० ला ७.६, ६००० ला ५.६ आणि ६४०० च्या आसपास शून्य.

चढाचे उत्तर सपाट भागात मिळते आणि टॉप स्पीडचे उत्तर कोसळणाऱ्या भागात. हा शेवटचा भाग विक्रेते बहुधा छापत नाहीत. मागून घ्या. नाहीच मिळाला तर मोटार बिनलोड पूर्ण थ्रॉटलवर फिरवून कमाल आरपीएम मोजा. निदान भिंत कुठे आहे ते तरी कळेल.

आणखी एक आकडा हवा, तो म्हणजे सतत देता येणारा टॉर्क. आपल्या मोटारीचा तो ९ न्यूटन-मीटर आहे. २२ हा काही सेकंदांचा पाहुणा आहे.

चाकाची त्रिज्या टायरच्या आकड्यांवरून काढली तर चालेल?

अंदाजाला चालेल. ९०/९०-१२ चा व्यास हिशोबाने ४६७ मिलिमीटर येतो, म्हणजे त्रिज्या २३३. पण गाडीवर दोघे बसले की टायर दबतो. खडूने टायरवर आणि जमिनीवर खूण करा, दोघे बसा आणि गाडी सरळ एक फेरा ढकलायला सांगा. आमच्या गाडीत एका फेऱ्याला १.४१ मीटर अंतर आले. त्याला ६.२८ ने भागले की त्रिज्या ०.२२५ मीटर. कागदावरच्या आकड्यापेक्षा साडेतीन टक्के कमी. रेशोत साडेतीन टक्के म्हणजे पुढच्या पुलीचा जवळजवळ एक दात. त्यामुळे खडूचे काम टाळू नका.

चढ किती धरायचा? घाटाचा की रॅम्पचा?

दोन्ही, आणि वेगवेगळे. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो.

घाटरस्ते आपल्याला वाटतात तितके उभे नसतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार डोंगरी भागातल्या रस्त्याचा नेहमीचा चढ ५ ते ६ टक्के धरतात आणि अगदी अपवाद म्हणून ७-८ टक्क्यांपर्यंत जाऊ देतात. ६ टक्के म्हणजे १०० मीटर पुढे गेलो की ६ मीटर वर. वळणाच्या आतल्या बाजूला चढ याहून जास्त लागतो, पण तो काही मीटरच.

उभा चढ असतो तो घराजवळ. जुन्या इमारतींच्या तळघरातल्या पार्किंगचे रॅम्प, टेकडीवरच्या वस्त्यांमधल्या गल्ल्या. या मालकाचा रॅम्प आम्ही मोबाइलच्या लेव्हल ॲपने मोजला, ११ अंशांहून किंचित जास्त, म्हणजे २० टक्के. अंश आणि टक्के यांची गल्लत करू नका. २० टक्के म्हणजे २० अंश नव्हेत. ही चूक करून अकारण मोठी मोटार मागवणारे मला भेटले आहेत.

रॅम्प काही सेकंदांचा असतो, म्हणून तो कमाल टॉर्कशी ताडायचा. घाट पंधरा-वीस मिनिटांचा असतो, म्हणून तो सतत टॉर्कशी ताडायचा.

रॅम्पसाठी रेशो कसा काढायचा?

चाकाला लागणारे बळ तीन गोष्टींचे असते: चढ, टायरचे घर्षण आणि हवा. सूत्र एकच आहे.

```
F = m*g*sin(a) + Crr*m*g*cos(a) + 0.5*rho*CdA*v^2
T_motor = F * r / (i * eta)
rpm_motor = 9.55 * (v / r) * i
```

इथे i म्हणजे रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला मोटारीचे किती फेरे, आणि eta म्हणजे ट्रान्समिशनची कार्यक्षमता. गिअरची एक पायरी आणि बेल्टची एक, दोन्ही मिळून मी ०.९५ धरतो. टायरच्या घर्षणाचा गुणक Crr ०.०१५, हवेची घनता rho १.२, आणि हवेला अडणारे क्षेत्र, म्हणजे सरळ बसलेल्या स्वारासकट स्कूटरचा CdA, ०.६ चौरस मीटर. वेग v मीटर प्रति सेकंदात घालायचा.

२० टक्क्यांच्या रॅम्पवर चढाचे बळ ५०० न्यूटन येते, घर्षणाचे ३८. हवा नगण्य. एकूण ५३८ न्यूटन. पण एवढेच दिले तर गाडी जागेवर तोल धरून उभी राहील. निघायला वर काहीतरी हवे. अर्धा मीटर प्रति सेकंद वर्ग इतका वेगवाढीचा दर धरला तर आणखी १३० न्यूटन लागतात. ६६८ गुणिले ०.२२५, म्हणजे चाकावर १५० न्यूटन-मीटर. मोटारीचे २२ आणि कार्यक्षमता ०.९५ धरून भागले की रेशो ७.२ येतो.

आणि टॉप स्पीडसाठी?

७५ किमी म्हणजे २०.८ मीटर प्रति सेकंद. चाक तेव्हा ८८४ आरपीएमने फिरते. रेशो ७.२ ठेवला तर मोटार ६३६५ वर जाईल. आलेखात तिथे जवळजवळ शून्य टॉर्क आहे. म्हणजे ७५ विसरा.

इथे बरेच जण कमाल आरपीएमला चाकाच्या आरपीएमने भागतात. ६४०० भागिले ८८४, आले ७.२, "जमले की!" म्हणतात. हे उत्तर चूक आहे, कारण ६४०० हा बिनलोडचा आकडा आहे. ७५ वर हवा आणि घर्षण मिळून १९४ न्यूटन मागतात, चाकावर ४३.७ न्यूटन-मीटर. तेवढा टॉर्क त्या आरपीएमला आलेखात शिल्लक आहे का, हे बघायचे असते. रेशो ६ ला मोटार ५३०४ वर असते, तिला ७.७ हवेत आणि आलेखात ८.३ आहेत. जमते. ६.५ ला मोटार ५७४६ वर जाते, ७.१ हवेत आणि आहेत ६.६. थोडक्यात हुकते.

मग रॅम्प ७.२ मागतो आणि हायवे ६. मधला कसा निवडायचा?

चार रेशो शेजारी मांडा. रॅम्पवर उरणारे बळ म्हणजे ५३८ न्यूटन वजा करून हातात किती राहते ते. घाटाचा रकाना ६ टक्के चढ, ताशी ४० किमी, डबलसीट असा आहे.

| रेशो | रॅम्पवर उरणारे बळ (न्यूटन) | घाटात मोटारीवर टॉर्क (न्यूटन-मीटर) | सपाटीवर डबलसीट टॉप स्पीड (किमी) |
|---|---|---|---|
| ५.० | उणे ७४ | ११.१ | ७९ |
| ६.० | १९ | ९.३ | ७६ |
| ६.५ | ६६ | ८.६ | ७४ |
| ७.२ | १३१ | ७.७ | ७० |

५.० ला गाडी रॅम्पवर हलतच नाही. ६.० ला कागदावर हलते, पण १९ न्यूटन म्हणजे काहीच नाही. टायरमध्ये हवा कमी असली किंवा मागे बसणाऱ्याच्या हातात भाजीची पिशवी असली तरी संपले. ७.२ ला रॅम्प मजेत चढतो, पण टॉप स्पीड पाच किलोमीटरने हुकतो. ६.५ ला रॅम्प सावकाश चढतो आणि ७४ मिळतात. एका किलोमीटरसाठी मालक भांडला नाही.

५.० आणि ६.० मधला फरक पाहा. रेशो सहाव्या हिश्शाने कमी केला आणि टॉप स्पीड जेमतेम तीन किलोमीटर वाढला. तिथे अडचण आरपीएमची उरलेली नसते, ५ किलोवॅट संपलेले असतात. रेशोने पॉवर तयार होत नाही.

घाटाचा रकाना एवढा महत्त्वाचा का? ११ न्यूटन-मीटर तर २२ च्या निम्मेच आहेत.

कारण मोटार तापते ती करंटच्या वर्गाने, आणि टॉर्क करंटच्या प्रमाणात असतो. ६.५ च्या जागी ५.० रेशो लावला तर घाटात टॉर्क ८.६ वरून ११.१ होतो, पण तांब्याच्या वेटोळ्यांमधली उष्णता १.७ पट होते. सततची मर्यादा ९ आहे. ८.६ ला मोटार घाटमाथ्यापर्यंत स्थिर तापमानाला टिकते. ११.१ ला ती तापतच जाते.

मी हे स्वतः भोगले आहे. माझ्या पहिल्या गाडीत मी हौसेने रेशो ५ च्या जवळ ठेवला होता. सपाटीवर गाडी सुंदर पळायची. पहिल्याच घाटात निम्म्या वाटेवर कंट्रोलरने तापमान पाहून करंट कापला आणि गाडी सायकलच्या वेगाने चालू लागली. मी वेग कमी करून मोटार गार होण्याची वाट पाहत राहिलो. ती गार झाली नाही.

त्याचे कारण नंतर हिशोब केल्यावर कळले. चढावर बहुतेक बळ गुरुत्वाकर्षणाचे असते आणि ते वेगावर अवलंबून नसते. ४० ऐवजी ३० ने चालवले तर एकूण बळ २३५ वरून २१६ न्यूटन होते, बस्स. टॉर्क जवळपास तोच, घाटात घालवलेला वेळ जास्त आणि मोटारीवरून जाणारा वारा कमी. पेट्रोल गाडीत खालचा गिअर टाकून हा पेच सुटतो. इथे तो रेशो ठरवतानाच सोडवावा लागतो.

मोठ्या रेशोलाही किंमत आहे. मोटार जास्त आरपीएमने फिरते, त्यामुळे तिच्या लोखंडी गाभ्यात वाया जाणारी ऊर्जा वाढते आणि आवाजही. म्हणून हिशोबात दिसते तेवढी सगळी उष्णता प्रत्यक्षात वाचत नाही. तरी घाटाच्या वेगाला तांब्याचाच वाटा मोठा असतो.

बॅटरी उतरल्यावर टॉप स्पीड का घटतो? रेशो बदलून हे टाळता येते का?

वरचा आलेख ५२ व्होल्टचा आहे. १४ सेलची बॅटरी पूर्ण भरली की ५८.८ व्होल्ट असते आणि शेवटाला लोडखाली ४५ पर्यंत येते. व्होल्टेज जेवढे घटते, तेवढ्याच प्रमाणात आलेखाचा मोड आणि भिंत डावीकडे सरकतात. ४५ व्होल्टला भिंत ६४०० वरून साधारण ५५०० वर येते. ६.५ रेशोची आपली गाडी मग ७४ ऐवजी ६७ ला थांबते.

रॅम्पवर मात्र फारसा फरक पडत नाही, कारण सपाट भाग फेज करंटवर ठरतो. रेशो कमी करून उतरत्या बॅटरीवर दोन-तीन किलोमीटर मिळतील, पण त्याची किंमत रोज रॅम्पवर मोजावी लागेल. मी मोजणार नाही. विक्रेत्याचा आलेख कोणत्या व्होल्टेजचा आहे ते मात्र नक्की विचारा. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा आलेख देऊन टॉप स्पीड दाखवणे हा जुना खेळ आहे.

जाहिरातीत १४०-१५० न्यूटन-मीटर लिहितात, आपली मोटार फक्त २२ ची. ही लहान नाही का?

ते आकडे बहुधा चाकावरचे असतात. आपली २२ ची मोटार ६.५ रेशोने चाकावर १३६ देते. हब मोटारीला रेशो नसतो, ती स्वतःच चाक असते, म्हणून तिला सगळा टॉर्क आपल्या पोटातूनच काढावा लागतो. तिचे वजन त्यामुळेच वाढते. आकडा कुठला आहे हे न विचारता दोन गाड्यांची तुलना करू नका.

६.५ हा रेशो प्रत्यक्षात कसा बनवायचा? पुढे १२ दातांचे आणि मागे ७८ दातांचे स्प्रॉकेट लावू का?

गणित बरोबर आहे, पण बसणार नाही. अर्ध्या इंच पिचच्या चेनचे ७८ दातांचे स्प्रॉकेट ३१५ मिलिमीटर व्यासाचे होते. तुमची रिमच ३०५ ची आहे. स्प्रॉकेट टायरच्या बाजूला येईल आणि पहिल्या खड्ड्यात जमिनीची भेट घेईल.

लहान चाकाच्या गाडीत दोन पायऱ्या कराव्या लागतात. आम्ही मोटारीला लागून १७ आणि ४३ दातांची गिअरजोडी घेतली, म्हणजे २.५३. पुढे ८ मिलिमीटर पिचचा बेल्ट, २६ आणि ६७ दातांच्या पुलींवर, म्हणजे २.५८. गुणाकार ६.५२. मागची पुली १७१ मिलिमीटरची झाली, सहज बसली.

गिअरजोडीत १८ आणि ४५ असे सोपे आकडे न घेता १७ आणि ४३ घेतले, कारण या दोन संख्यांना सामाईक विभाजक नाही. त्यामुळे तेच दोन दात फिरून फिरून एकमेकांवर येत नाहीत आणि झीज सगळ्या दातांवर वाटली जाते.

नंतर रेशो थोडा बदलावासा वाटला तर?

पुढची पुली बदला. २६ च्या जागी २५ दात घेतले तर ६.७८ होतो, २७ घेतले तर ६.२८. एका दाताला साधारण चार टक्के. बेल्टचा ताण मात्र बदलतो, म्हणून टेन्शनर किंवा सरकणारी मोटार प्लेट आधीच ठेवा. नाहीतर एका दातासाठी नवा बेल्ट शोधत फिराल. आणि गाडी नोंदणीकृत असेल, तर उत्पादकाने दिलेल्या रचनेत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अडसर आहे. आरटीओत विचारल्याशिवाय रस्त्यावरच्या गाडीला हात लावू नका.

उतारावर गाडी टॉप स्पीडच्या पुढे गेली तर मोटारीला काही होते का?

होऊ शकते, आणि मोठ्या रेशोची ही बाजू कोणी सांगत नाही. उतारावर ८० ला गेलात तर ६.५ रेशोवर मोटार ६१३० आरपीएम फिरते, ५२ व्होल्टच्या भिंतीच्या अलीकडे. ७.२ वर ती ६७९० ला जाते. तिथे बॅक ईएमएफ बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा जास्त होतो आणि करंट कंट्रोलरच्या डायोडमधून उलटा बॅटरीत शिरतो, तुम्ही थ्रॉटल सोडला असला तरी. गाडी आपोआप ब्रेक लागल्यासारखी ओढते. बॅटरी भरलेली असेल तर भिंत ७२०० च्या पुढे सरकते, पण उतारावर तीही ओलांडली आणि त्याच क्षणी बॅटरीचे रक्षण करणाऱ्या बीएमएसने बॅटरी तोडली, तर वाढलेले व्होल्टेज कंट्रोलरच्या मॉसफेटवर येते. घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. ते सकाळी भरलेल्या बॅटरीनेच उतरायला लागतात.

रेशो चुकलाय की मोटारच लहान आहे, हे चालवून कसे ओळखायचे?

कंट्रोलरचे मोबाइल ॲप उघडा आणि सपाट रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलवर टॉप स्पीडला बॅटरी करंट पाहा. आमच्या गाडीत मर्यादा सुमारे ११० अँपिअरची आहे. वेग थांबला आणि करंट मर्यादेच्या बराच खाली असेल, तर मोटार व्होल्टेजच्या भिंतीला टेकली आहे. रेशो कमी केला तर वेग वाढेल. करंट मर्यादेलाच चिकटलेला असेल, तर पॉवर संपली आहे. रेशो कमी करून काही मिळणार नाही, फक्त चढ बिघडेल.

रॅम्पवर उलटे पाहा, फेज करंट. तो मर्यादेला आहे आणि गाडी जागची हलत नाही, तर रेशो वाढवा. पण तिथे थ्रॉटल पिळून उभे राहू नका. मोटार फिरत नसताना सगळ्यात जास्त करंट एकाच फेजमध्ये अडकून राहतो आणि ती फेज बाकीच्यांच्या आधी जळते. दोन सेकंदांत नाही हलली तर सोडा.

आणि रॅम्पसाठी रेशो वाढवल्यावर टॉप स्पीड खूपच घसरत असेल, टॉप स्पीडसाठी कमी केल्यावर घाटात टॉर्क सततच्या मर्यादेपलीकडे जात असेल, म्हणजे मधे जागाच उरत नसेल, तर दात मोजत बसू नका. मोटार बदला, किंवा मालकाला पुन्हा विचारा की ७५ खरेच हवेत का. आमच्या मालकाने सहा महिन्यांनी स्वतःच येऊन २५ दातांची पुली लावून घेतली. हायवेला तो दोनदाच गेला होता, रॅम्प रोज होता.